फळ्यावरचे तीस पैसे

नवापूरच्या ज्या पोल्ट्री फार्मवर मी पंचवीस वर्षं काढली, तिथल्या ऑफिसात दारासमोरच एक काळा फळा होता. त्यावर खाद्याच्या पोत्यांचा आकडा लिहायचा, डॉक्टर कधी येणार ते लिहायचं, एवढंच त्याचं काम. माझ्या हाती खरेदी आली त्या वर्षी मी तो फळा ओल्या फडक्याने लख्ख पुसला आणि मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ट्रेमागे बचत ३० पैसे'. खाली दुहेरी रेघ मारली. रेघ मारताना खडू तुटला, तेव्हा मी नवा खडू घेतला आणि रेघ पुरी केली.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. एक नात पाळण्यात होती, गुडघा बोलायला लागला होता. पण त्या खुर्चीवर बसले आणि मला एकदम वाटायला लागलं की जगातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना आजवर कोणी ओळखलंच नव्हतं, आता मी आले आहे. त्या बाईला आज भेटले असते तर चहा पाजून, गोड बोलून तिच्या हातातला खडू काढून घेतला असता.

आधी मी अंडीघरात मुकादम होते. शेडमधून अंडी येणार, बायका ती निवडणार, तडकलेली बाजूला काढणार, तीस-तीसच्या कागदी ट्रेमध्ये बसवणार. सात भरलेले ट्रे एकावर एक, वर आठवा रिकामा ट्रे टोपीसारखा, मग सुतळीने बांधायचं. एका गठ्ठ्यात दोनशे दहा अंडी. तीस हजार पक्षी होते, दिवसाला सत्तावीस हजारांच्या आसपास अंडी निघायची, आणि दर चौथ्या दिवशी सुरतेच्या व्यापाऱ्याची गाडी दुपारी तीनला फाटकात उभी राहायची. तो एकच व्यापारी आमचा जवळजवळ सगळा माल उचलायचा. उन्हाळ्यात अंड्याला गिऱ्हाईक कमी असतं, त्या दिवसांत तर तो म्हणजे फार्मचा श्वास.

खरेदी बघणारे म्हातारे कारकून निवृत्त झाले तेव्हा शेठनी ती वही माझ्यापुढे सरकवली. शेठ आमच्या रनाळ्याकडचेच, माझ्या नवऱ्याच्या भावकीतले, म्हणून मला वहिनी म्हणायचे. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पैसा त्यांचा, त्यामुळे मीच त्यांना अहोजाहो करायची आणि ते मला अहिराणीत अरेतुरे. ते एवढंच म्हणाले होते की महाग घेऊ नको. मी ऐकलं ते 'स्वस्त घे'. दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते मला त्या वर्षी कळायचं होतं.

कागदी ट्रे आम्ही हद्दीपलीकडून, गुजरातेतून घ्यायचो. सोनगडच्या अलीकडे एकांचा छोटा कारखाना होता, रद्दी भिजवून लगदा करायचा, साच्यात दाबायचा, गरम हवेत वाळवायचा. मालक सत्तरीचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांचा ट्रे दोन रुपये दहा पैशांना, घरपोच. दर चौथ्या दिवशी टेम्पो यायचा, चार हजार ट्रे उतरवून द्यायचा, कधी कमी लागले तर कमी, जास्त लागले तर सकाळी फोन केला की दुपारी हजर.

मी खुर्चीवर बसले आणि पहिल्या आठवड्यात मोबाइलवर उत्तरेकडचा एक पुरवठादार शोधून काढला. त्याचा ट्रे एक रुपया चाळीस पैसे. मला वाटलं हा माणूस चुकून शून्य-बिन्य विसरला. पण नाही, तो गोड आवाजात म्हणाला, मॅडमजी, यही रेट है. परत जाणारी रिकामी गाडी मिळाली तर भाडं अठ्ठावीस हजार, पण गाडी पूर्ण भरून घ्यावी लागेल, सत्तर हजार ट्रे, आणि पैसे आधी. मी काही अगदीच भोळी नव्हते. भाडं ट्रेमागे चाळीस पैसे पडतं हे मी कॅल्क्युलेटरवर दोनदा काढलं. एक चाळीस अधिक चाळीस, एक ऐंशी. दोन दहामधून एक ऐंशी गेले, तीस पैसे. भाडं धरल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली, आणि त्यापुढचा हिशेब तिथेच संपला असं मानून फळ्याकडे गेले.

काकांना फोन करून सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून टेम्पो नको. ते रागावतील, भाव पाडतील, गयावया करतील, अशी माझी तयारी होती. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. ऑफिसच्या बाकावर बसले, पाणी प्यायले, फळा वाचला.

"बेन, भाव तो ठीक छे," ते त्यांच्या मिसळीच्या भाषेत म्हणाले. "पडतर काढली का?"

मी ऐकलं 'पडीत', आणि आमच्या गावाकडे पडीत म्हणजे न पेरलेली जमीन. माझ्या सासरच्या वाटणीत रनाळ्याला दोन बिघे खरोखरच तसे पडलेले होते, आणि त्यावरून घरात रोज धुसफूस चालायची. मला वाटलं, या माणसाने माझ्या घरातली गोष्ट कुठून तरी ऐकली आणि आता धंद्यात आणतो आहे.

"आमची जमीन पडीत ठेवू नाही तर पेरू, तुम्हाला काय करायचं?" मी म्हणाले.

काका हळूच उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "जमीन सलामत राहो, बेन. ट्रेची पडतर काढा." आणि गेले. मी शेजारच्या खोलीतल्या हिशेबनिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, म्हातारा भंजाळला.

मार्चच्या सुरुवातीला उत्तरेकडची गाडी आली. मोठी, बंद पेटाऱ्याची, फाटकातून आत येईना म्हणून रस्त्यावरच उभी राहिली. हमाल बोलवावे लागले, कारण सत्तर हजार ट्रे चार बायका उतरवू शकत नाहीत. कोठार भरलं तरी गाडीत माल उरलाच होता. उरलेले सात हजार ट्रे मी शेडच्या भिंतीलगतच्या पडवीत रचून घेतले, वर ताडपत्री टाकली. जागेचा प्रश्न मी किती पटकन सोडवला याचंही मला कौतुक वाटलं.

अंडीघरात माझ्या जागी आलेली मुकादम जवळच्या खेड्यातली कोकणी आदिवासी बाई होती, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला तोंडाळ, हाताने फार हलकी. तिने नवा ट्रे उचलला, दोन्ही हातांनी वाकवला, मग अंगठ्याने एक खळगा दाबला. खळगा आत गेला.

"ताई, हा ट्रे आहे की पापड?"

मी म्हणाले, अंडी काय दगड आहेत का. ती म्हणाली, अंडी नाहीत, पण सात थर आहेत ना, खालच्यावर सहा थरांचा भार येतो. मी म्हणाले, जुना ट्रे जाड होता कारण म्हातारा रद्दी जास्त वापरून आपल्याकडून पैसे काढत होता. हे वाक्य मी खरंच बोलले. ते आठवलं की आजही मी पदर तोंडावर घेते, घरात कोणी नसलं तरी.

पुढचे दोन महिने फळ्यावरचा आकडा तसाच होता. दर आठवड्याला मी तो पुसून पुन्हा लिहायची, म्हणजे ताजा दिसावा. दरम्यान सुरतेहून कुरबुर येत होती. अंडी जास्त फुटतात, खालच्या थरातलं फुटलं की बलक गळून शेजारची अंडीही बरबटतात, बाजारात बरबटलेलं अंडं कोणी घेत नाही. व्यापारी दर गाडीला पैसे कापून घेत होता. पण कापलेले पैसे लिहिले जायचे विक्रीच्या वहीत, आणि ती वही हिशेबनिसाकडे. हमालीचे पैसे गेले मजुरीच्या खात्यात. माझ्या खरेदीच्या वहीत ट्रेचा भाव एक ऐंशी, स्वच्छ, सुंदर, एकही डाग नाही. मी व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरला दोष दिला, मग रस्त्याच्या खड्ड्यांना, एकदा बायकांच्या बांधणीलाही. मुकादम त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

एप्रिलच्या शेवटी व्यापाऱ्याने शेठना फोन केला. आता एक जरी गाडी अशी फुटकी आली, किंवा एक जरी गाडी चुकली, तर तो पलीकडच्या फार्मकडे जाणार. तो फार्म आमच्या फाटकातून दिसायचा. शेठ माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, फळ्याकडे बघत.

"वहिनी, सुरत गयं तं काय खासूत आपू?"

मी म्हणाले, काही होणार नाही. ते म्हणाले, सुरत गेली तर ही खुर्चीही रिकामी, मग तू अंडीघरात बैस नाहीतर घरी. तेही त्यांनी हळू आवाजात, अहिराणीत सांगितलं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

मे उजाडला. मी नवी ऑर्डर आधीच दिली होती, पैसे आधीच पाठवले होते, गाडी निघाली असा निरोपही आला होता. वहीत आठ हजार ट्रे शिल्लक. आठ हजार म्हणजे जवळजवळ आठ दिवस. गाडी दोन दिवस उशिरा आली तरी काय बिघडतं. सोमवारी सुरतची गाडी गेली, पुढची शुक्रवारी. मंगळवारची अंडी कोठारातल्या शेवटच्या हजारभर ट्रेमध्ये भरली गेली. बुधवारी सकाळी मुकादमने पडवीतल्या सात हजारांवरची ताडपत्री ओढली.

मला बोलवायला ती स्वतः आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"ताई, बघून घ्या."

उन्हाळ्यात शेडमध्ये पक्ष्यांवर पाण्याचे फवारे चालतात. बारीक धुकं उडतं, पक्षी जगतात. ते धुकं भिंतीवरून, जाळीतून, दोन महिने माझ्या पडवीत येत होतं. ताडपत्रीने ते आतच कोंडून ठेवलं. खालचे ट्रे लगदा होऊन एकमेकांत रुतले होते, मधले ओले होऊन वाळून लाटांसारखे वाकडे झाले होते. वरचे दिसायला ठीक, पण खळगा दाबला की बोट आरपार. मी गठ्ठ्यामागून गठ्ठा उलटत गेले. सात हजारांमध्ये अंडी पेलेल असा एकही नव्हता. वहीत सात हजार, पडवीत शून्य, आणि शेडमध्ये तीस हजार कोंबड्या. त्यांना कोण सांगणार की ट्रे येईपर्यंत जरा थांबा.

"आता कशात ठेवायची?" मुकादमने विचारलं.

मी म्हणाले, बादल्यांत ठेवा. गाडी आजच येते आहे.

बुधवारी सकाळी गाडी सेंधव्याला होती. असं फोनवरच्या त्या गोड आवाजाने सांगितलं. दुपारी शिरपूर. मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून बसले. शिरपूरहून धुळं, धुळ्याहून उजवीकडे सुरत रस्त्याला वळायचं, साक्री, मग आम्ही. संध्याकाळी सहाला निरोप आला, धुळ्यात शिरते आहे. मला हायसं वाटलं. शेठ नंदुरबारला गेले होते, तिथून त्यांचा फोन आला.

"गाडी कोठे शे?"

"धुळं सोडं तिनं," मी म्हणाले. "सकाळलोंग येई." धुळं सोडल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं, सकाळपर्यंत येईल हेही माझंच.

गुरुवारी सकाळी ती आली नाही. आठला फोन लागला नाही, नऊला लागला नाही. साडेनऊला ड्रायव्हरने स्वतः उचलला. मागे बाजाराचा गलका होता. मी विचारलं, भैया, कहाँ हो. तो म्हणाला, नाशिक.

मी नकाशाकडे बघितलं. नाशिक धुळ्याहून खाली, आमच्याकडे पाठ करून. त्याचं म्हणणं सरळ होतं. रिकामी परतणारी गाडी स्वस्त मिळते ती अशीच. ट्रेंच्या मागे, दाराशी उरलेल्या जागेत दुसऱ्याचा माल कोंबला आहे, तो आधी नाशिकला उतरवायचा, तिथे गोदाम उद्या उघडणार, मग तो माघारी येणार. शनिवार, मॅडमजी, पक्का. अठ्ठावीस हजारांत मी गाडी घेतली होती, गाडीची वेळ घेतली नव्हती. वेळ कधी विकत घ्यावी लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने सांगायचा प्रयत्न केला त्याला मी जमिनीवरून बोलले होते.

अंडीघरात गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या भरल्या होत्या, टोपल्या भरल्या होत्या. बायकांनी जमिनीवर भाताचा कोंडा पसरून त्यावर अंडी एका थरात मांडली होती, मध्ये फक्त एका पावलाची वाट. खिडक्यांना ओली गोणपाटं. तरी आत भट्टी. शेडमधून दर तीन तासांनी नवी अंडी येत होती, आणि ती आणणाऱ्या बाईचा चेहरा दर वेळी थोडा जास्त घाबरलेला. कोणी बोलत नव्हतं. अंडीघरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, तिथे तर दिवसभर गाणी आणि उखाळ्यापाखाळ्या.

मुकादम कोंड्यावर उकिडवी बसून अंडी मोजत होती.

"बुधवारची, आजची, उद्या सकाळची," ती म्हणाली. "दिवसाला नऊशे ट्रे. सत्तावीसशे लागतील."

"आणि टोपीचे?"

तिने पडवीकडे मान वळवली. "टोपीवर भार कुठे येतो. ते वाकडे चालतील टोपीला."

माझ्या सात हजार ट्रेचा तेवढाच उपयोग उरला होता, आणि तो मला नाही, तिला सुचला.

मी फार्मची पिकअप काढायला लावली. शेठना फोन केला नाही. उन्हाची लाही होत होती, रस्त्यावर डांबर चिकट. हद्द ओलांडून काकांच्या कारखान्यापर्यंत पाऊण तास लागतो, तो मी माझ्या मनात भाषणं रचण्यात घालवला. एकही भाषण पुरं झालं नाही.

काका लाकडी टेबलाशी बसले होते. मागे वाळवणीच्या भट्टीतून ट्रे एकामागून एक बाहेर पडत होते, करडे, कडक, अजून वाफाळलेले. मी उभ्या उभ्या म्हणाले की सत्तावीसशे पाहिजेत, आजच, आत्ताच.

त्यांनी रजिस्टर बघितलं. आजचा माल दुसऱ्या दोन फार्मना जायचा होता. त्यांनी कारागिराला आत बोलावून गुजरातीत काहीतरी सांगितलं, तो गेला. मग त्यांनी एक ट्रे उचलला, उलटा करून माझ्यापुढे ठेवला आणि खिशातलं एक पेन काढून दिलं.

"बसा बेन. पडतर लिहा."

मी म्हणाले, काका, वेळ नाही. ते म्हणाले, वेळेचंच लिहायचं आहे. मला वाटलं, हा म्हातारा सूड उगवतो आहे, मला इथे शाळेतल्या मुलीसारखं बसवून ठेवणार आणि शेवटी ट्रे नाही म्हणणार. पण दुसरा रस्ता नव्हता. मी पेन घेतलं.

पहिली ओळ, ट्रे एक चाळीस. दुसरी, भाडं चाळीस. "हमाली?" साडेतीन हजार दिली होती, सत्तर हजारांवर पाच पैसे. "पैसे आधी दिले, दोन महिने अडकले, बँक काय घेते?" ते काढलं, दोन पैसे. झाले एक सत्त्याऐंशी. "भिजले किती?" सात हजार, दहातला एक. मला वाटलं यात काय, दहातला एक गेला. त्यांनी मान हलवली. जो गेला त्याचा पैसा उरलेल्या नवांनी भरायचा. दहा ट्रेचे अठरा रुपये सत्तर पैसे नवांवर वाटले आणि आकडा आला दोन रुपये आठ पैसे.

त्या क्षणी मी काय केलं ते सांगायला हवं, कारण ते पाहिल्याशिवाय ती बावन्न वर्षांची बाई पुरती कळत नाही. अंडी कोंड्यावर तापत होती, सुरत हातातून चालली होती, आणि मी काकांकडे बघून म्हणाले:

"तरी दोन पैसे वाचलेच की."

काका हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि ट्रेवर शेवटची ओळ स्वतः लिहिली. "अंडं केवढ्याला?"

चार रुपये. सुरतवाल्याने आधीपेक्षा जास्त किती फुटकी कापली? तेवढं मला माहीत होतं, शेठनी दोनदा ऐकवलं होतं. पाच ट्रेमागे एक जास्त. चार रुपयांना पाचने भागलं, ट्रेमागे ऐंशी पैसे. दोन आठ अधिक ऐंशी.

दोन रुपये अठ्ठ्याऐंशी पैसे. दोन दहाच्या ट्रेऐवजी.

"अने सुरत गेलं तर ते कुठल्या ओळीत लिहायचं," काका म्हणाले, "ते मला पण येत नाही."

मी त्या ट्रेकडे बघत बसले. दोन महिने फळ्यावर जे लिहीत होते ते खोटं नव्हतं, फक्त पहिल्या दोन ओळींवर थांबलेलं होतं. भाव म्हणजे बिलावरचा आकडा. पडतर म्हणजे ती वस्तू तुमच्याकडे काम करून संपेपर्यंत तुम्हाला काय पडली तो. आपण मराठीत रोज विचारतो, केवढ्याला पडलं. आणि नेमका हाच शब्द समोर आला तेव्हा मला दोन बिघे आठवले.

मी विचारलं, आता ट्रे देणार की नाही.

त्यांनी खिडकीकडे हात केला. आमच्या पिकअपमध्ये गठ्ठे रचून झाले होते, दोरी आवळत होते. मी बसले तेव्हाच त्यांनी कारागिराला ते सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दोन फार्मना फोन करून थोडं थोडं मागे ढकललं होतं, दोघांनी ऐकलं, कारण दोघंही त्यांचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. "सत्तावीसशे आहेत. एक जास्त नाही."

"आणि भाव?"

"दोन वीस."

म्हातारा भंजाळलेला नव्हता. मी दहा पैशांवर तोंड उघडलं, बंद केलं, मग पुन्हा उघडलं, कारण शेवटी मी मीच. "दोन पंधरा. आणि दर चौथ्या दिवशी, आधीसारखं. भिजला-वाकला तर परत घ्यायचा."

"माझ्या टेम्पोत भिजला तर," ते म्हणाले. "तुमच्या पडवीत नाही."

गुरुवारी ट्रे उतरवेपर्यंत बायका घरी गेल्या होत्या. शुक्रवारी सकाळी सहापासून अंडीघरात कोणी मान वर केली नाही. मीही पदर खोचून कोंड्यावर बसले. बोटं विसरली नव्हती, गुडघा मात्र दर दहा मिनिटांनी आठवण करून देत होता. सहा अंडी एका ओंजळीत, खाली टोक, वर बोथट बाजू. बारा वाजता अर्धं झालं नव्हतं. दीड वाजता कोणी जेवायला उठलं नाही. अडीचला शेठ नंदुरबारहून आले. मला तिथे उकिडवं बसलेलं बघून दारातच थांबले, कोंड्याकडे, बादल्यांकडे, माझ्याकडे बघितलं.

"उत्तरेची गाडी नाशिकला आहे," मी म्हणाले. "धुळ्याचं मी खोटं सांगितलं."

त्यांनी चपला काढल्या, बाही वर केली आणि सुतळी बांधायला बसले. त्यांच्या गाठी सुटत होत्या. मुकादम त्यांच्या मागून फिरून प्रत्येक गाठ पुन्हा बांधत होती, तेही त्यांना दिसत होतं.

तीन वाजता गाडी फाटकात आली. तीन वाजून पन्नास मिनिटांनी शेवटचा गठ्ठा वर गेला. काही टोप्या वाकड्या होत्या. संध्याकाळी सुरतहून फोन आला तेव्हा शेठनी स्पीकर लावला. व्यापारी म्हणाला, मंगळवारच्या गठ्ठ्यांत फुटकी आहेत, बाकीची ठीक, आणि पुढे काय पाठवणार ते सांगा. शेठनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हणाले, जुना ट्रे, पुढच्या गाडीपासून. तो म्हणाला, मंगळवारची गाडी, वेळेवर. आणि फोन ठेवला. सुरत राहिली होती, पण मी ती ज्या धाग्यावर टांगली होती तो धागा मला दिसला होता.

शनिवारी नाही, रविवारी उत्तरेकडची गाडी आली. सत्तर हजार ट्रे, पैसे दिलेले, परत जाणार नाहीत असे. शेठ फाटकात उभे राहून त्या पेटाऱ्याकडे बघत होते.

"आते ह्यासनं काय करशी, वहिनी?"

मी मुकादमकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, पण ओठ दाबून.

"टोप्या," मी म्हणाले.

शेठनी कागदावर हिशेब केला. सात थरांवर एक टोपी, दिवसाला एकशे तीसच्या आसपास गठ्ठे. दीड वर्ष. "दीड वरीस ह्या टोप्या तुन्ह्या," ते म्हणाले. "आणि ठेवशी कोठे ते पण तूच पाय."

कोठारात मावल्या नाहीत त्या मी ऑफिसच्या कोरड्या खोलीत ठेवल्या, जिथे आधी माझं टेबल होतं. टेबल पडवीत आलं. उरलेला उन्हाळाभर मी फवाऱ्यांच्या धुक्यात बसून खरेदी बघितली, वहीवर प्लास्टिक घालून. खुर्ची तेवढी राहिली. दर चौथ्या दिवशी काकांचा टेम्पो यायचा, आणि दर चौथ्या दिवशी सुरतची गाडी जायची तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर माझा एक पापड असायचा. दीड वर्ष. बायका गठ्ठा बांधताना म्हणायच्या, ताईची टोपी घाल.

फळा मी पुसला. काकांनी दिलेला तो ट्रे, ज्यावर पडतर लिहिली होती, मुकादमने तिथे खिळ्याला अडकवला. खालच्या ओळीतल्या दोन अठ्ठ्याऐंशीभोवती तिने खडूने गोल काढला होता, दुहेरी रेघेचा.